चिपळूणचा दीड टनी स्प्लिट: नायट्रोजन होल्डिंग आणि व्हॅक्यूमच्या नोंदी

१० जून, मंगळवार

साइट: चिपळूण, नवीन बंगला, वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची बेडरूम. दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट, गॅस आर-३२. पाइप भिंतीत गाडलेला आहे, दोन सुती आणि चार सुती, मोजून १० मीटर. तो आमचा नाही. प्लास्टरच्या आधी दुसऱ्या कुणीतरी टाकून ठेवलेला आहे, आणि टोकांना फक्त चिकटपट्टी गुंडाळलेली. गच्चीकडच्या टोकाची पट्टी सुटून लोंबत होती. वळवाचे दोन-तीन मोठे पाऊस त्यावर पडून गेलेत, असं घरमालक काकांनीच सांगितलं.

आउटडोअर स्टँडवर चढवला, इनडोअरची प्लेट मारली. जोडाजोडी केली नाही. आधी पाइप फुंकायचा होता. चार सुती पाइपच्या खालच्या टोकातून नायट्रोजन ४० पीएसआयवर सोडला आणि दुसऱ्या टोकाशी पांढरं फडकं धरलं. आधी सिमेंटची करडी भुकटी आली, मग एकदम फुर्रकन पाणी. फडक्यावर हाताच्या पंजाएवढा ओला डाग पडला, कडेला चुन्याची रेघ. फडकं बदलत राहिलो. शेवटचं कोरडं राहिलं तेव्हा थांबलो. दोन सुतीमधून फक्त भुकटी निघाली.

फडकं कोरडं निघालं म्हणजे पाइप कोरडा झाला, असं नाही. हा पाइप खिडकीच्या लिंटेलखालून खाली उतरून परत वर गेलाय, मध्ये पोट आहे. तिथे आतल्या बाजूला चिकटलेलं पाणी वाऱ्याने सगळं निघत नाही. काकांना तसं सांगून ठेवलं. ते म्हणाले, "आमच्या जुन्या घरातला एसी पोरांनी दोन तासांत लावून दिला होता, गॅस सोडून हवा काढली की झालं." तशी पद्धत होती खरी. आउटडोअरचा लिक्विड व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, आतल्या गॅसने पाइपातली हवा ढकलायची आणि नट आवळायचा. मे महिन्यात दिवसाला पाच-सहा एसी लावणारे अजूनही तेच करतात. त्याने बरीचशी हवा जाते, पण भिंतीला चिकटलेलं पाणी जागचं हलत नाही, गळतीचा तर पत्ताच लागत नाही. शिवाय आर-३२ हलका का होईना, पेट घेणारा गॅस आहे. तो बंद खोलीत असा मोकळा सोडायचा नसतो.

११ जून, बुधवार

सकाळी पाइपांच्या चारही टोकांना फ्लेअर मारून, म्हणजे तोंडं फाकवून, जोडले. नट टॉर्क पान्याने आवळले: दोन सुतीला १६ न्यूटन मीटर, चार सुतीला ५५. फ्लेअरच्या मागच्या बाजूला तेलाचं बोट लावलं, म्हणजे नट फिरताना पाइप सोबत पिळत नाही.

आता नायट्रोजन होल्डिंग, म्हणजे नायट्रोजन दाबाने कोंडून ठेवायचा आणि दाब टिकतो का ते पाहायचं. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह कंपनीतून बंद येतात, ते तसेच बंद ठेवले. कंपनीने भरलेला गॅस आउटडोअरमध्येच कोंडलेला राहतो, आणि आपण भरतो तो नायट्रोजन फक्त पाइप आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये फिरतो. चार सुतीच्या व्हॉल्व्हवर जो सर्व्हिस पोर्ट असतो, तो व्हॉल्व्ह बंद असताना पाइपाच्या बाजूला उघडा असतो, म्हणून हे जमतं. आर-३२ चा पोर्ट जुन्या आर-२२ च्या पोर्टपेक्षा मोठा, पाच सोळांशचा असतो. अडॅप्टर खिशात ठेवावा, नाहीतर ऐनवेळी तोच सापडत नाही.

सिलिंडरवर रेग्युलेटर जास्त दाबाचा लावलाय. वेल्डिंगवाल्यांकडचा रेग्युलेटर बहुतेक वेळा १०-१५ बारच्या पुढे दाब देत नाही, इथे त्याचा उपयोग नाही. रेग्युलेटर न लावता भरलेला सिलिंडर पाइपाला जोडणं म्हणजे १५० बारच्या आसपासचा दाब थेट कॉइलवर सोडणं. आणि नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. हेल्परला दोन्ही सिलिंडर आणि दोन्ही रेग्युलेटर हातात देऊन दाखवले.

दाब एकदम चढवला नाही. आधी ७० पीएसआय, पाच मिनिटं थांबलो. इथे मोठी चूक असेल तर फुस्स आवाजच येतो. मग २२०, पुन्हा पाच मिनिटं. मग ५५०. इनडोअर आणि आउटडोअर दोन्हींच्या प्लेटवर जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, त्यातला लहान आकडा आपली हद्द. इथे तो ४.१५ मेगापास्कल आहे, म्हणजे साधारण ६०० पीएसआय. ५५० त्याच्या आत बसतं.

हेल्परने बरोबर शंका काढली: कूलिंग चालू असताना गेजवर सव्वाशेच्या आसपास दिसतं, मग ५५० कशाला? कारण एसी बंद असतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या उष्णतेवर ठरतो. ३० अंशाला आर-३२ चा दाब २६५ पीएसआयच्या घरात जातो, ४५ अंशाला ३९० च्या. पाइपाला वर्षाचे निम्म्याहून जास्त तास त्या दाबात काढायचे आहेत. आणि बारीक गळती जास्त दाबाला लवकर उघडी पडते.

दाब भरल्यावर गॅस पाइपात स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं दिली, मगच आकडा लिहिला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, होस सोडला. पोर्टवर फक्त डिजिटल गेज ठेवला. साध्या काट्याच्या गेजवर १० पीएसआयची एक रेघ असते, रात्रभरचा फरक त्यावर कळत नाही.

संध्याकाळी ६: ५५० पीएसआय, पाइपाला लावलेल्या थर्मामीटरवर ३१ अंश.

१२ जून, गुरुवार

सकाळी ७: ५१४ पीएसआय, २५ अंश.

रात्री पाऊस झाला, हवा गार झाली. दाब ३६ ने उतरलाय, पण तो सगळा गळतीचा नाही. हिशेब असा. गेजचा आकडा हा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते सांगतो, म्हणून आधी त्यात १४.७ मिळवायचे: ५५० चे ५६४.७. तापमानात २७३ मिळवायचे: ३१ चे ३०४, २५ चे २९८. बंद भांड्यातल्या वायूचा दाब या तापमानाच्या प्रमाणात उतरतो:

```
564.7 × 298 / 304 = 553.5
553.5 − 14.7 = 538.8
```

म्हणजे एक कणही बाहेर गेला नसता, तरी सकाळी गेजवर ५३९ दिसले असते. दर अंशाला पावणेदोन ते दोन पीएसआय असं तोंडी धरलं तरी भागतं. वरचे ११ गारव्याचे आणि बाकीचे २५ गळतीचे. तापमान लिहून ठेवलं नसतं, तर दोन्हीतलं काहीही म्हणता आलं असतं. "रात्री थंडावलं असेल" म्हणून सोडून दिलेले पाइप मी पाहिलेत, आणि थंडाव्यानेच उतरलेल्या दाबासाठी भिंत फोडलेलीही पाहिली आहे.

२५ पीएसआय म्हणजे किती? पाइप आणि कॉइल मिळून आतली जागा साधारण दोन लिटर. हिशेब ढोबळ आहे, पण एसी बंद असतानाच्या दाबाला ही गळती दिवसाला काही ग्रॅम गॅस घालवेल. गॅस एक किलोच्या आतच आहे. दिवाळीपर्यंत काका फोन करून "गार होत नाही" म्हणाले असते, मग कुणीतरी येऊन गॅस टॉप-अप करून गेला असता, आणि दर सीझनला तेच.

गळती शोधताना आधी उघडे सांधे पाहिले. पाइपात नुसता नायट्रोजन आहे, त्यामुळे गॅस हुंगणारा डिटेक्टर इथे मुका. साबणाचंच पाणी, पण घट्ट, ब्रशने सगळीकडून लावलेलं. आउटडोअरचे दोन्ही नट कोरडे निघाले. पोर्टची पिनही ठीक. इनडोअरच्या मागे पाइप जिथे जुळतो, तिथे चार सुतीच्या नटाभोवती लावल्या लावल्या काहीच दिसलं नाही. हेल्पर पुसायला निघाला होता, त्याला थांबवलं. चार-पाच मिनिटांनी नटाच्या मागच्या कडेला, खालच्या बाजूला, पांढऱ्या फेसाची मोहरीएवढी गुठळी जमली. मोठा बुडबुडा नाहीच. एवढ्या बारीक गळतीला फुगा येत नाही, फेस येतो, आणि तोही वाट पाहायला लावतो. मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा लागतो. खालची बाजू डोळ्याला दिसत नाही आणि गळती बहुधा तिथेच असते.

दाब बाहेर खिडकीतून हळूहळू सोडला. नायट्रोजनला वास नसतो. बंद खोलीत सोडला तर माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही. नट उघडला. फ्लेअरच्या तोंडावर आडवी बारीक ओरखड आहे, नखाला लागते. पाइप कापल्यावर आतली कड घासून काढताना तांब्याचा कीस आत राहिला असणार आणि फ्लेअर मारताना तो दाबला गेला असणार. टोक कापलं, तोंड खाली धरून कड साफ केली, नवीन फ्लेअर मारला. बोट फिरवलं, आरशासारखा गुळगुळीत. पुन्हा ५५.

दुपारी १२: पुन्हा ५५० पीएसआय, २९ अंश. आज रात्रभर तसंच ठेवणार. काका थोडे वैतागलेत. पाहुणे रविवारी येणार आहेत.

१३ जून, शुक्रवार

सकाळी ८: ५४२ पीएसआय, २५ अंश. हिशेबाने ५४२.५ यायला हवं होतं. गळती नाही. भिंतीतला पाइपही धड आहे, ही मोठी गोष्ट.

नायट्रोजन सोडताना शेवटचे एक-दोन पीएसआय आत ठेवले, बाहेरची दमट हवा परत शिरू नये म्हणून. आता व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची. पोर्टवर कोअर रिमूव्हर लावून आतली पिन बाहेर काढली. त्या बारीक पिनेतून आणि पाव इंची होसमधून व्हॅक्यूम ओढायचा म्हणजे तासाच्या कामाला तीन तास. रिमूव्हरच्या बॉल व्हॉल्व्हला जाडा होस लावून पंप जोडला. मायक्रॉन मीटर रिमूव्हरच्या बाजूच्या तोंडाला, म्हणजे पाइपाच्या अंगाला. पंपाच्या तोंडाशी मीटर लावला तर तो पंपाचं कौतुक सांगतो, पाइपाचं नाही.

त्याआधी पंपाला नुसता मीटर लावून पाहिला: मिनिटभरात ८० मायक्रॉन. पंप ठीक, तेल ताजं.

मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग. मोकळी हवा ७ लाख ६० हजार मायक्रॉनची, आपल्याला जायचं ५०० च्या खाली. मॅनिफोल्डच्या निळ्या गेजचा काटा शून्याखाली ३० इंचांवर टेकला की बरेच जण पंप बंद करतात. पण २६ अंशाला पाणी २५ हजार मायक्रॉनलाच उकळतं, आणि निळ्या गेजवर २५ हजार आणि ५०० यांत एका इंचाचा, म्हणजे काट्याच्या जाडीएवढा फरक. काटा टेकलेला दिसतो, तेव्हा आत पाणी नुकतं कुठे उकळायला लागलेलं असतं.

सकाळी ९.४० ला पंप चालू. पहिल्या पाच मिनिटांत आकडा सरसर उतरला, मग दहा हजारांपासून रेंगाळला आणि चार हजारांच्या आसपास बसला तो बसलाच. अर्धा तास तिथेच. हा आकडा ओळखीचा आहे. पाणी उकळताना स्वतः गार होत जातं, ४,५८० मायक्रॉनच्या खाली त्याचा बर्फ होतो. बर्फाची वाफ होते, पण फार हळू. पाइपाच्या पोटात असंच काहीतरी चाललं असावं. पंप कितीही मोठा लावला तरी इथे घाई होत नाही, उलट बर्फ लवकर होतो.

बॉल व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा केला आणि मीटर पाहत बसलो. आकडा चढू लागला: नऊ हजार, पंधरा हजार, मग वेग कमी होत तेवीस-चोवीस हजारांवर रेंगाळला. गळती असती तर तो तिथे थांबला नसता, मोकळ्या हवेपर्यंत चढतच गेला असता. नायट्रोजनने गळती नाही हे सांगितलंच होतं, त्याला हे जुळतं. आणि थांबला कुठे, तर २६ अंशाला पाण्याच्या वाफेचा जो दाब असतो, त्याच्या जवळ. एवढ्या वरच्या आकड्यांना मीटर फार नेमका नसतो, पण अर्थ स्पष्ट आहे: आत अजून पातळ पाणी आहे.

हेल्पर म्हणाला, "दादा, बादलीभर असेल का?" बादली सोडाच. दोन लिटरच्या जागेत २५ हजार मायक्रॉनची वाफ भरायला पाण्याचा एक थेंब पुरतो, जेमतेम ०.०५ ग्रॅम. तोच थेंब ५०० मायक्रॉनला फुगून शंभर लिटर वाफ होतो, आणि ती सगळी पंपाने ओढायची. असे वीस-पंचवीस थेंब पोटात बसले असतील, तर पंप दिवसभर धापा टाकणारच.

हे पाणी गॅसबरोबर आत राहिलं तर कंप्रेसरच्या तेलावर जातं. आर-३२ च्या यंत्रांत बहुतेक पीओई तेल असतं. ते पाणी शोषून घेतं आणि पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होतं. वाइंडिंगचं इन्सुलेशन आणि तांबं दोन्ही त्यात झिजतात. कंप्रेसर जातो दोन-तीन वर्षांनी, आणि दोष व्होल्टेजला दिला जातो.

११.३० ला व्हॅक्यूम नायट्रोजनने मोडला. ३ पीएसआयपर्यंत भरलं, पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. कोरडा नायट्रोजन आत जाऊन बर्फाला ऊब देतो, ओल पकडतो, आणि सोडताना घेऊन बाहेर पडतो. मीटर नायट्रोजन भरण्याआधी त्याच्या व्हॉल्व्हने बंद केला, त्याच्या सेन्सरला दाब सोसत नाही. यादरम्यान पाइपाच्या पोटासमोरच्या प्लास्टरवर हेअर ड्रायर फिरवला. किती उपयोग झाला सांगता येत नाही, काकूंना मात्र मजा वाटली.

दुसरी फेरी दुपारी १२ वाजता. या वेळी चार हजारांवर थोडंच अडखळलं, तासाभरात १,९०० पर्यंत आलं. पंपाच्या काचेतलं तेल ताकासारखं पांढुरकं झालं. ते पाइपातलंच पाणी. पांढऱ्या तेलावर पंप खोल जाऊ शकत नाही, म्हणून तेल बदललं.

१.२० ला लाईट गेली. हेल्परने हाक मारायच्या आधीच बॉल व्हॉल्व्ह बंद केला, शाबास. पंप थांबला आणि मधला व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पाइपातला व्हॅक्यूम पंपाचंच तेल उलट ओढतो. आमच्या पंपात त्यासाठी नॉन-रिटर्न आहे, पण स्वस्तातल्या पंपांत नसतो, असला तरी त्याच्या भरवशावर राहू नये. लाईट ४ वाजेपर्यंत आली नाही. थोडा नायट्रोजन भरून, सगळं बंद करून निघालो.

१४ जून, शनिवार

९ वाजता तिसरी फेरी. या वेळी आकडा कुठे अडला नाही. अर्ध्या तासात ९००, पाऊण तासात ५२०, १०.१५ ला ३६०. अजून वीस मिनिटं चालू ठेवला, ३१० वर स्थिर.

पंप वेगळा केला. ३१० वरून ४००, ४६०, दहा मिनिटांनी ५१०, वीस मिनिटांनी ५३० आणि तिथेच. थोडं चढणं ठीक आहे, तेलाचा अंश आणि होसच्या रबरातून सुटणारी वाफ असतेच. चढून थांबलं, आणि हजाराच्या बरंच खाली थांबलं, म्हणजे कोरडं. चढून दीड-दोन हजारांवर थांबलं असतं तर अजून ओल, थांबलंच नसतं तर गळती. अर्थात गळतीची परीक्षा व्हॅक्यूमवर सोडायची नसते. व्हॅक्यूममध्ये सांध्यावर फार तर १४.७ पीएसआयचा फरक पडतो, तोही बाहेरून आत. परवाचा तो ओरखडलेला फ्लेअर या परीक्षेत बहुधा पास झाला असता.

मीटर बंद केला. लिक्विड व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने पाव फेरा उघडला, गॅस आत आल्याचा आवाज आला, दाब वर आला. मग रिमूव्हरमधून पिन परत बसवली आणि होस काढले. हा क्रम उलटा झाला, व्हॅक्यूममध्येच होस निघाला, तर दोन दिवसांची मेहनत एका सुस्काऱ्यात हवेत. त्यानंतर दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडले, टोप्या पान्याने आवळल्या. टोपी झाकण म्हणून नसते, तिचंही सील असतं.

मॅन्युअलप्रमाणे साडेसात मीटरपर्यंत जादा गॅस लागत नाही, पुढे मीटरला २० ग्रॅम. अडीच मीटरचे ५० ग्रॅम वजनकाट्यावर मोजून दिले. अर्ध्या तासाने खोलीत जाणारी हवा १३ अंश, परतीची २६. काकांनी चहा दिला.

१८ जून, बुधवार

पश्चिमेच्या बेडरूमचा एसी दिवाळीत घ्यायचा म्हणतायत. तिथला पाइपही त्याच माणसाने टाकलेला, त्याचीही टोकं चिकटपट्टीची. आज तो फुंकून काढला, पाणी निघालं नाही. एका बाजूला दोन्ही टोकं दाबून ब्रेझ केली, दुसऱ्या बाजूला पिनवाले पोर्ट बसवले आणि १०० पीएसआय नायट्रोजन भरून ठेवला. पोर्टच्या टोपीला चिठ्ठी बांधलीय: तारीख, दाब, २७ अंश. रंगारी पुढच्या आठवड्यात येणार आहेत. त्यांनी टोप्यांना हात लावू नये, असं काकांना सांगितलंय. पुढच्या वेळी गेज लावल्यावर दाब हिशेबाइतका भरला, तर तिथलं फुंकणं वाचेल, पण होल्डिंग ५५० लाच घ्यावं लागेल.